बीपनंतर बोला, पण 'परवा' म्हणू नका

दवाखान्यातली वेळ रद्द करायला फोन केला, तिकडं व्हॉइसमेल लागला आणि बीप वाजली की आपला माणूस आधी "हॅलो" म्हणतो. मग थांबतो. पलीकडून "हां, बोला" येईल अशी त्याची रास्त अपेक्षा असते. ते येत नाही म्हणून तो पुन्हा "हॅलो" म्हणतो, जरा मोठ्यानं. तिसऱ्या हॅलोला घरातला भाचा विचारतो, "लागलो रे?" आणि तोही यंत्रात नोंदला जातो. बऱ्याच यंत्रांना शांतता सोसत नाही. काही सेकंद कुणी बोललं नाही की ती समजतात, माणूस गेला, आणि निरोप बंद करतात. सकाळी दवाखान्यात रिसेप्शनवरची मुलगी ऐकते ते तीन हॅलो, एक भाचा आणि पाठीमागं पोदेराचा पोंव-पोंव. गुरुवारची वेळ मात्र वहीत जशीच्या तशी.

व्हॉइसमेल म्हणजे निरोप टिपून घेणारं यंत्र, एवढंच. गोव्यात त्याचा आपल्याला सराव नाही, कारण इथं निरोप माणसाकडं द्यायची रीत आहे. शेजारी म्हापशाला निघाला की "जाताना डॉक्टरांकडं सांग, मी येत नाही" हे व्हॉइसमेलचंच काम करतं, शिवाय येताना पाव आणतं. पण शेजाऱ्याला उलट प्रश्न विचारता येतो, यंत्राला येत नाही. ऐकणारी जे काही विचारेल त्याची उत्तरं तिनं विचारण्याआधी, तिनं विचारलं असतं त्याच क्रमानं द्यायची, एवढीच यातली सगळी विद्या.

क्रमाचंच आधी बोलू, कारण मराठीची अडचण तिथंच आहे. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं. "माझी ती गुरुवारची साडेदहाची, म्हणजे तुम्ही मागच्या वेळी लिहून दिलेली, पावसामुळं आणि घरी पाहुणे असल्यामुळं..." इथं यंत्रानं मान टाकली, तर त्या वेळेचं करायचं काय ते कुणालाच कळणार नाही. पक्की करायची? पुढं ढकलायची? पाहुण्यांनाही आणायचं? म्हणून नाव सांगून झालं की दुसरंच वाक्य छोटं आणि पूर्ण हवं: "वेळ रद्द करायची आहे आणि नवीन वेळ हवी आहे." दोन्ही गोष्टी एकाच दमात. नुसतं "रद्द" म्हटलंत तर नाव खोडून ती मोकळी होईल आणि तुम्ही नव्या तारखेची वाट बघत बसाल. नुसतं "दुसरी वेळ द्या" म्हटलंत तर पहिली तशीच राहील, आणि वहीत तुम्ही दोनदा आजारी दिसाल.

त्यानंतर कारण. कारण सांगू नका. हे मला माहीत आहे की जमणार नाही. आपल्याकडं कारण न सांगता न येणं हा उद्धटपणा समजला जातो, त्यामुळं सांगायचंच असेल तर "काही कामामुळं" या दोन शब्दांत आटपा. वही चालवणाऱ्या मुलीला कारणाचा रकाना नसतो. आणि निरोप बऱ्याचदा स्पीकरवर, बाकावर बसलेल्या दहा जणांसमोर ऐकला जातो. तुमच्या मूळव्याधीची प्रगती पर्वरीपर्यंत पोचवायची नसेल, तर आजाराचं नावही त्यात घालू नका.

आता तारीख, कारण सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. 'उद्या' हा शब्द निरोपात चालत नाही. तुम्ही रविवारी रात्री 'उद्या' म्हणता तेव्हा तो सोमवार असतो. तीच मुलगी सोमवारी सकाळी ऐकते तेव्हा तो मंगळवार होतो. 'परवा' तर त्याहून खट्याळ. मराठीत परवा होऊन गेलेलाही असतो आणि यायचाही असतो. समोरासमोर बोलताना बाकीच्या वाक्यावरून आपण ते ओळखतो. "परवाच्या वेळेबद्दल बोलायचं होतं" एवढंच यंत्रात उरलं की तुम्ही आला नाहीत म्हणून माफी मागताय की येणार नाही म्हणून कळवताय, हे परमेश्वर जाणे. म्हणून तारीख, महिना आणि वार, तिन्ही सांगायचे. तिघांपैकी एक चुकला तर बाकीचे दोघं त्याला पकडून देतात. तुम्ही "सतरा जुलै, गुरुवार" म्हणालात आणि गुरुवारी सोळा असेल, तर ऐकणारी थबकते आणि फोन करून विचारते. नुसतं "सतरा" म्हणालात तर ती शुक्रवारच्या पानावर तुमचं नाव शोधते, मिळालं नाही की खांदे उडवते.

मग फोन नंबर. तो मराठीत जोडीजोडीनं सांगायची हौस सोडा. एकोणसाठ, एकोणसत्तर, त्र्याहत्तर, त्र्याण्णव हे आकडे शाळेतही धड जमले नाहीत, ते खरखरत्या रेकॉर्डिंगमध्ये समोरच्याला जमतील ही आशा कशाला? त्यात ऐकणारी घरी कोंकणीत मोजणारी असली तर आणखी एक पायरी वाढते. दहाही आकडे सुटे सांगा, तीन, तीन आणि चार असे गट पाडून, प्रत्येक गटानंतर एक श्वास. सातनंतर लगेच आठ येत असेल तर मध्ये जास्तच थांबा, नाहीतर दोघं मिळून 'साठ' होतात. "डबल सहा" म्हणण्यापेक्षा "सहा, सहा" बरं, कारण लिहून घेणारी कधी डबलच्या आधीचा आकडा दोनदा लिहिते, कधी नंतरचा. आणि अख्खा नंबर दोनदा. पहिल्यांदा ती पेन शोधते, दुसऱ्यांदा लिहिते.

नावाचं काय? आपल्याला वाटतं, नाव सांगितलं की झालं. पण गोव्यात एका दिवसाच्या यादीत तीन नाईक आणि दोन गावकर निघणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. "मी नाईक बोलतो" यात माहिती शून्य. पूर्ण नाव, आणि सोबत ओळखीची एक खूण: फाईलवर नंबर असेल तर तो, नसेल तर जन्मतारीख. दवाखान्यात एकाहून जास्त डॉक्टर बसत असतील तर कुठल्या डॉक्टरांकडची वेळ, तेही.

सगळं जोडून एक नमुना पाहू. समजा, बाईंचं नाव सुमन नाईक, वेळ गुरुवार, 16 जुलै, सकाळी साडेदहा. निरोप मंगळवारी दुपारी ठेवायचा आहे. आधी हे सगळं कागदावर लिहायचं, कारण बीप वाजल्यावर माणूस स्वतःचं माहेरचं नावही विसरतो.

"नमस्कार. मी सुमन नाईक, फाईल नंबर चार, एक, सात. वेळ रद्द करायची आहे आणि नवीन वेळ हवी आहे. रद्द करायची ती सोळा जुलै, गुरुवार, सकाळी साडेदहाची, हाडांच्या डॉक्टरांकडची. नवीन वेळ सोमवार, वीस जुलै किंवा बुधवार, बावीस जुलै, संध्याकाळी पाचनंतर चालेल. माझा फोन..." इथं दहा आकडे, दोनदा. "मला सकाळी दहा ते एक किंवा संध्याकाळी पाच ते सात या वेळात फोन करा. धन्यवाद."

घड्याळ लावून सावकाश वाचलं, तर नंबर दोनदा धरून हा निरोप मिनिटभरात संपतो. यातल्या दोन जागा नवशिक्यांच्या हातून हमखास सुटतात. पहिली, नव्या वेळेचे पर्याय. "तुमच्या सोयीनं कधीही" हे नम्र वाटतं, पण मग ती मुलगी तुम्हाला सकाळी आठ वाजता बोलावते आणि तुमची बस नऊला येते. दोन दिवस आणि दिवसाचा भाग सांगितलात की तिला वहीत शोधायला जागा मिळते. दुसरी, उलट फोन करण्याची वेळ. "कधीही करा" असं गोव्यात कुणी प्रामाणिकपणे म्हणूच शकत नाही. दुपारी जेवण झाल्यावर चारपर्यंत आपण कुणाचेच नसतो. दवाखानाही त्या वेळात बहुधा बंद असतो, म्हणून तर निरोप यंत्रात गेला. दोघांचीही झोप सोडून उरलेले तास सांगा आणि त्या तासांत फोन आवाजावर ठेवा.

गोळ्या संपत आल्या असतील तर मात्र नमुन्यात एक वाक्य वाढवा: "गोळ्या अठरा तारखेपर्यंतच आहेत." डॉक्टरांना विचारून मधल्या दिवसांचं काय करायचं हे कळवावं लागेल, एवढं तिला त्यावरून समजतं. गोळ्या स्वतःच्या मनानं थांबवायच्या नाहीत. आणि छातीत दुखतंय, दम लागतोय, असं असेल तर बीपशी बोलत बसू नका, सरळ 108 लावा. व्हॉइसमेल कधी ऐकला जाईल ते यंत्रालाही माहीत नसतं.

निरोप कधी ठेवायचा, हेही तेवढंच. सोमवारी सकाळची वेळ असेल तर रविवारी रात्रीचा निरोप म्हणजे उशिराचा निरोप. तो ऐकेपर्यंत तुमची वेळ टळून गेलेली असते. शनिवारी दवाखाना उघडा असताना ठेवा, किंवा त्याच वेळी फोन करून माणसाशीच बोला. चवथीच्या आधी तर आणखी दोन-तीन दिवस हातचे राखा, कारण त्या आठवड्यात सगळा गोवा माटोळी बांधण्यात गुंतलेला असतो.

ठेवलेल्या निरोपात चूक झाली, तर दुसरा ठेवा, पण त्याचं पहिलंच वाक्य असू द्या: "आधीचा निरोप धरू नका." नाहीतर निरोप ओळीनं ऐकले जातात, पहिल्यानं वेळ रद्द होते, दुसऱ्यानं पुन्हा रद्द होते, आणि तिसऱ्यात तुम्ही विचारता की झालं का. निरोप ठेवला म्हणजे नवीन वेळ मिळाली, असंही नाही. तिकडून फोन येऊन तारीख आणि वेळ दोन्ही ऐकल्याशिवाय कॅलेंडरवर गोल करू नका. दवाखाना उघडा असलेला एक अख्खा दिवस उलटला आणि फोन आला नाही, तर आपणच करायचा.

राहता राहिला फोन ठेवण्याचा प्रश्न. "धन्यवाद" म्हटलं की आपण मोबाईल टेबलावर ठेवतो. यंत्राच्या दृष्टीनं आपण अजून बोलतच असतो. लाल बटण दाबलं, पडद्यावरचं नाव गेलं, हे डोळ्यांनी बघा. नाहीतर सुमनबाईंच्या नीटनेटक्या निरोपानंतर बाकावरच्या दहा जणांना त्यांचंच पुढचं वाक्यही स्पष्ट ऐकू येतं: "आगो, बांगडे कशे दिले?"