मात्रेवरचा चंद्र गाळू नका, आणि प्रत्यय तोडू नका

आज डोकं तापलंय, म्हणून लिहितोय. शेजारच्या काकूंना कोथरूडमधल्या एका लॅबकडून मेसेज आला:

«उद्या स. ७ वा. fasting sugar साठी संपल देणे. जेवणानंतर 2 hrs नी दुसरे संपल.»

काकूंनी विचारलं, "दुसरं संपलं, म्हणजे परत जायचं नाही ना?"

चूक काकूंची नाही. 'सॅम्पल'वरचा चंद्र गेला की उरतं ते 'संपलं' या अस्सल मराठी शब्दासारखं दिसतं, आणि डोळा आधी ओळखीचाच शब्द उचलणार. हॉलचा हाल होतो, कॉलचा काल होतो, तेही असंच. ॲ आणि ऑ हे स्वर राज्य शासनाने २००९ साली प्रमाण वर्णमालेत घेतले. कीबोर्डवरही आहेत. मग लिहायला काय होतं?

तरुण पोरं संदर्भावरून बरोबर वाचतात, मान्य. पण शुगर तपासायला येणारे सगळे तरुण असतात का?

आता ते 'hrs नी' बघा. मराठीत शब्दाचं वाक्यातलं काम प्रत्यय सांगतो. 'तासांनी' एका नजरेत वाचून होतं. इथे मात्र लिपी बदलली, मध्ये जागा सुटली आणि काकूंच्या फोनवर ओळ नेमकी तिथेच तुटली. खालची ओळ 'नी दुसरे संपल' अशी सुरू झाली. 'दोन'चा आणि 'दुसरे'चा संबंधच गेला. इंग्रजी शब्द ठेवायचाच असेल तर देवनागरीत लिहा आणि प्रत्यय चिकटवा: लॅबमधून, रिपोर्टसाठी.

अर्थात देवनागरीत लिहिलं की सगळं सुटतं असंही नाही. 'चेस्ट पेन' घ्या. आपल्या 'ए'ला ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही, त्यामुळे लिहायचं पेन आणि दुखणारं पेन दिसायला एकच. तिथे चंद्रही कामाचा नाही, सरळ 'छातीत दुखणे' लिहावं. उलट गोळीच्या पाकिटावर mg छापलेलं असेल तर चिठ्ठीतही mg च हवं. माणूस ते वाचत नाही, पाकिटाशी ताडून बघतो.

काकूंना शेवटी असं लिहून दिलं: "उद्या सकाळी ७ वाजता उपाशीपोटी रक्त द्यायचं. त्याआधी किमान ८ तास काही खायचं नाही, साधं पाणी चालेल. मग जेवायचं. पहिला घास घेतल्यापासून २ तासांनी पुन्हा लॅबमध्ये जाऊन रक्त द्यायचं."

'पहिला घास' मुद्दाम लिहिलं, कारण वेळ जेवायला सुरुवात केल्यापासून मोजतात. लॅबच्या 'जेवणानंतर'वरून कुणीही हात धुतल्यापासून मोजेल, मग त्याने कितीही नीट वाचलेलं असो.

लॅबवाल्यांनो, हा मेसेज तुम्ही रोज सगळ्यांना तोच पाठवता. एकदा बसून दुरुस्त करा. आणि पाठवण्याआधी तुमच्या आईला मोठ्याने वाचायला सांगा, ती जिथे अडखळेल तो शब्द बदला.