दोन रुपयांची गोळी वर्षाला कितीला पडते?

एक मेसेज फिरतोय, त्यातले तीन मुद्दे एकेक करून तपासू: «एकाच आजाराच्या दोन गोळ्या. वॉरफरिन दिवसाला २ रुपये, अपिक्साबॅन दिवसाला २० रुपये. १) दोन्ही रक्त पातळ करतात, काम एकच, मग स्वस्त तीच घ्या. यालाच कॉस्ट मिनिमायझेशन म्हणतात. २) पटत नसेल तर खर्चाला गुणाने भागा, भागाकार कमी येईल ते औषध बरं. ३) क्वाली वगैरे म्हणजे महाग औषध खपवायला कंपन्यांनी काढलेलं खूळ. पुढे पाठवा.»

भाव ब्रँडप्रमाणे खालीवर होतात, पण हिशेबापुरते हेच धरू. आजार आहे एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाचे ठोके अनियमित पडतात, वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की लकवा. या दोहोंपैकी जी असेल ती गोळी बहुतेकांना जन्मभर घ्यावी लागते, म्हणून हिशेब निदान वर्षाचा तरी हवा.

पहिला मुद्दा

रक्त पातळ होणं हा मधला टप्पा झाला. रुग्णाला हवं असतं ते म्हणजे लकवा न येणं, मोठा रक्तस्राव न होणं आणि जगणं. या तिन्हींवर दोन्ही गोळ्यांची समोरासमोर तुलना झालेली आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅरिस्टॉटल या चाचणीत १८,२०१ रुग्ण होते. दर हजार रुग्णांमागे वर्षाला लकवा किंवा शरीरात इतरत्र गुठळी जाण्याच्या घटना वॉरफरिनवर १६ आणि अपिक्साबॅनवर १२.७ झाल्या. मोठे रक्तस्राव ३०.९ विरुद्ध २१.३, मृत्यू ३९.४ विरुद्ध ३५.२. फरक डोंगराएवढा नाही, पण शून्यही नाही. तो शून्य नाही तोवर कॉस्ट मिनिमायझेशन इथे लावताच येत नाही.

ही पद्धत चालते ती परिणाम सारखे असल्याचं आधीच सिद्ध झालेलं असेल तिथे. उदाहरणार्थ, दोन कंपन्यांच्या अपिक्साबॅन ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या. रक्तात औषध किती आणि किती वेगाने पोचतं, याचं मूळ औषधाशी असलेलं प्रमाण ९० टक्के विश्वासमर्यादेसकट ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसलं, की दोन्ही समतुल्य धरतात. मग नागपूरच्या गांजीपेठेतल्या दवा बाजारात जी स्वस्त मिळेल ती घ्या, वाद संपला. तेवढ्यापुरता हा मेसेज बरोबर आहे.

इथे एक फसगत नेहमी होते. 'फरक दिसला नाही' आणि 'फरक नाही हे दिसलं' या दोन गोष्टी एकच समजल्या जातात. दोन्ही बाजूंना शंभर-शंभर रुग्ण घेतले, तर या दराने वर्षात प्रत्येकीकडे लकव्याच्या जेमतेम एक-दोन घटना होतील. एवढ्यावरून कोणत्याही दोन गोळ्या सारख्याच दिसतील. समतुल्यता दाखवायची तर किती फरक चालवून घ्यायचा हे आधी लिहून ठेवावं लागतं आणि त्या मानाने रुग्णसंख्या ठरवावी लागते. कुणी कॉस्ट मिनिमायझेशनचा दाखला पुढे केला, तर आधी तो आकडा विचारा.

दुसरी चूक याहून घरगुती. खर्च म्हणजे पट्टीवरचा भाव, असं मेसेजने गृहीत धरलं आहे. वॉरफरिन घेणाऱ्याला आयएनआर ही रक्ततपासणी करत राहावी लागते आणि आकडा २ ते ३ मध्ये ठेवावा लागतो. खाली गेला तर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. हा आकडा हलायला फार काही लागत नाही. सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त झाला आणि घरात आठवडाभर सांबारवडीचा बेत चालला, तरी त्यातलं व्हिटॅमिन के वॉरफरिनच्या आड येतं आणि आयएनआर उतरतो. सांबार सोडायची गरज नाही, पण रोजचं प्रमाण सारखं ठेवावं लागतं. त्यात कुणी अँटिबायोटिक सुरू केलं, तर आकडा बहुधा उलट दिशेला जातो.

आता उमरेडचा एक रुग्ण समजा. तपासणीसाठी तो महिन्यातून एकदा नागपूरला येतो, सोबत मुलगा. तपासणी २५० रुपये, दोघांचं एसटीचं भाडं २०० आणि मुलाची बुडालेली मजुरी ४००, हे आपण धरलेले आकडे. एक खेप ८५० रुपयांची, बारा खेपांचे १०,२०० झाले. त्यात गोळ्यांचे ७३० मिळवले की १०,९३०. अपिक्साबॅनला आयएनआर लागत नाही, पण किडनी पाहावी लागते, कारण डोस कमी करायचा की नाही हे वय, वजन आणि क्रिएटिनिनवर ठरतं. वर्षातून दोन खेपा, प्रत्येकी ७५० रुपये. गोळ्यांचे ७,३०० धरून एकूण ८,८००. दहापट महाग गोळी या घराला वर्षाला दोन हजारांहून जास्त स्वस्त पडली.

हाच हिशेब फक्त औषध आणि तपासण्यांचे पैसे भरणाऱ्या योजनेच्या बाजूने मांडला, की चित्र उलटतं. वॉरफरिनचे ३,७३० आणि अपिक्साबॅनचे ७,६००. दोन्ही उत्तरं खरी आहेत, फक्त खिसा वेगळा आहे. म्हणून असा कुठलाही अभ्यास हातात आला की पहिल्या पानावर हिशेब कुणाच्या खिशातून मांडलाय ते शोधा. ते लिहिलेलंच नसेल, तर पुढचं वाचण्यात हशील नाही.

दुसरा मुद्दा

हा भागाकार करून पाहायला हरकत नाही. शून्य रुपये खर्च करा, म्हणजे औषधच देऊ नका. औषधाविनाही बरेच जण वर्षभर लकव्याविना राहतात, म्हणजे भाजक शून्य नाही, आणि शून्याला त्याने भागलं की शून्यच. म्हणजे या नियमाने सगळ्यात 'बरं' औषध म्हणजे कुठलंच औषध न देणं.

कॉस्ट इफेक्टिव्हनेसमध्ये भागतात ते खर्चातल्या फरकाला, परिणामातल्या फरकाने. एकातून दुसऱ्याकडे जाताना जादा किती मोजले आणि त्याबदल्यात जादा काय मिळालं, एवढाच प्रश्न असतो. योजनेच्या बाजूने एक हजार रुग्णांचा हिशेब करू. अपिक्साबॅनचा जादा खर्च ३८.७० लाख. यातून टळलेल्या उपचारांचे पैसे वजा करायचे. एका लकव्याचा उपचार १ लाख आणि एका रक्तस्रावाचा ५० हजार धरू.

इथेच बरेच लोक घसरतात. लकवे ३.३ ने कमी, रक्तस्राव ९.६ ने कमी, म्हणून १२.९ घटना टळल्या असं लिहून मोकळे होतात. पण मेंदूत रक्तस्राव होऊन आलेला लकवा त्या चाचणीत दोन्ही रकान्यांत मोजला आहे, आणि दर हजारी फरकात असे २.३ लकवे आहेत. ते दोनदा धरायचे नाहीत. म्हणून रक्तस्राव ७.३ धरायचे. बचत ३.३० अधिक ३.६५, म्हणजे ६.९५ लाख. निव्वळ जादा खर्च ३१.७५ लाख.

आता भागा. टळलेल्या एका लकव्यामागे साधारण ९.६ लाख, टळलेल्या एका मृत्यूमागे साधारण ७.६ लाख. आकडे आले, पण निर्णय होत नाही, कारण या पद्धतीत भाजक रुग्णाच्या आजाराच्या मापात असतो. एक लकवा टाळायला ९.६ लाख महाग की स्वस्त? तेवढ्यात किती जणांचं डायलिसिस झालं असतं? लकव्याला डायलिसिसशी ताडून पाहायला या मापात जागाच नाही. रक्तदाबाच्या दोन गोळ्यांत 'दर एक मिलिमीटर उतारामागे इतके रुपये' हे माप छान चालतं, पण आजार बदलला की ते थांबतं.

तिसरा मुद्दा

क्वाली म्हणजे गुणवत्तेने तोललेलं आयुष्याचं एक वर्ष. ठणठणीत वर्ष १, मृत्यू ०. लकव्याने एक बाजू गेलेल्या माणसाचं वर्ष मधे कुठेतरी. कुठे, ते डॉक्टर मनाने ठरवत नाही. ईक्यू-५डी नावाच्या प्रश्नावलीत पाच गोष्टी विचारतात: चालणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, दुखणं आणि चिंता. उत्तरांना द्यायचे भारांक सामान्य लोकांना विचारून काढलेले असतात, आणि भारतीयांकडून काढलेले भारांक २०२२ पासून उपलब्ध आहेत. त्याआधी परदेशी भारांक उसने घ्यावे लागायचे, ही तक्रार तेव्हा रास्त होती.

आपल्या उदाहरणात समजा की मृत्यू टळलेला माणूस सरासरी ५ वर्षं ०.७ या गुणवत्तेने जगतो. ४.२ मृत्यू गुणिले ३.५ म्हणजे १४.७ क्वाली. अपंगत्व आणणारे दोन लकवे टळले, प्रत्येकी ०.३ चं नुकसान ५ वर्षं, म्हणून आणखी ३. रक्तस्रावातून वाचलेले काही आठवडे ०.२ च्या आसपास. बेरीज १७.९. यातून एका क्वालीमागे सुमारे १ लाख ७७ हजार रुपये येतात. जगलेल्यांच्या पुढच्या वर्षांच्या गोळ्या धरल्या, तर हा आकडा १ लाख ८६ हजारांपर्यंत जातो. खऱ्या अभ्यासात हे सगळं वर्षागणिक मांडतात आणि पुढच्या वर्षांचा खर्च व लाभ दोन्ही दरसाल ३ टक्क्यांनी घटवतात.

भारतात सरकारी मूल्यमापनात सहसा दरडोई जीडीपीएवढी मर्यादा धरतात. ती २०२३-२४ मध्ये ढोबळमानाने दोन लाख रुपये होती, म्हणजे आपलं उदाहरण काठावर आत बसतं. आता फक्त गोळीचा भाव हलवा. दिवसाला २० ऐवजी ४० केले, की एका क्वालीमागे ५.८५ लाख होतात आणि गोळी मर्यादेबाहेर जाते. १० केले, तर योजनेचे हजार रुग्णांमागे पावणेपाच लाख उलट वाचतात. कंपन्यांना हे खूळ सोयीचं असतं, तर ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने याच मापाने महाग औषधं नाकारली नसती आणि त्यांचे भाव पाडून घेतले नसते. कंपनीचा हात शिरतो तो मापात नव्हे, धरलेल्या आकड्यांत: ०.७ च्या जागी ०.८५, ५ वर्षांच्या जागी १५. म्हणून शेवटचा आकडा पाहण्याआधी कोणता अंदाज हलवला की उत्तर उलटतं, ते पाहावं.

आणि हा सगळा हिशेब एका प्रकारच्या रुग्णांना मुळीच लागू नाही. हृदयात धातूची झडप बसवलेली असेल किंवा संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप बरीच आकसलेली असेल, तर वॉरफरिन किंवा त्याच गटातलं औषधच द्यायचं. अशा झडपांच्या रुग्णांत अपिक्साबॅनसारख्या नव्या गटातल्या गोळ्या वापरून पाहिल्या, तेव्हा त्या कमी पडल्या. तिथे परिणामच उलटा आहे, त्यामुळे वीस रुपयांच्या गोळीसाठी भागाकार मांडायची वेळच येत नाही. उमरेडहून दर महिन्याला यावं लागलं, तरी आयएनआर चुकवून चालत नाही.