३८ ग्रॅमचं पाप

तीन तारे. पाचपैकी तीन. रात्री शेतावर मान वर केली तर मला हजारो तारे फुकटात दिसतात, त्यामुळे ताऱ्यांचं कधी अप्रूप वाटलं नव्हतं. पण गेले काही दिवस मी सारखा फोन उघडून त्या तिघांकडे बघतोय. त्यांच्याखाली लिहिलंय: 'पालक ताजा. चव छान. वजनात ३८ ग्रॅम कमी.'

आधी आनंदाची बातमी सांगायला हवी होती, ती या तिघांमुळे मागे पडली. तर, मी आयुष्यात पहिल्यांदा भाजी ऑनलाइन विकली! पुतण्याने फॉर्म बनवला, मी फोटो काढले, बायकोने दर ठरवले. माझ्या मालाचा दर आमच्या घरात ठरतोय, हे आम्हा दोघांनाही इतकं नवीन होतं की तिने तो तीनदा लिहून तीनदा खोडला. रात्री नऊला फॉर्म सोडला आणि पहिली ऑर्डर पडल्यावर फोन टुणकन वाजला, तेव्हा मला वाटलं बॅटरी संपली. झोपेपर्यंत पालकाच्या २७ जुड्यांची मागणी होती. वाफ्यात कापण्याजोगा पालक होता २२ जुड्यांचा. फॉर्ममध्ये आकडा संपला की 'संपलं' म्हणण्याची सोय असते, ती पुतण्याला माहीत होती, पण मी त्याला आकडाच दिला नव्हता. मग पाच जणांना फोन करून माफी मागितली आणि पैसे परत केले. एकजण म्हणाले, "काही हरकत नाही, पुढच्या वेळी आधी माझं नाव घ्या." बाजारात इतक्या वर्षांत मला असं कोणी बोललं नव्हतं. मी फोन ठेवल्यावर उगाचच हौदावर जाऊन तोंड धुऊन आलो.

टोमॅटोच्या फोटोने मात्र घात केला. पुतण्या म्हणाला, चांगले निवडून चार ठेव, मी ठेवले. एका गृहस्थांनी एक किलो मागवले आणि शेरा लिहिला, 'फोटोतला डावीकडून दुसरा नक्की द्यावा.' तो टोमॅटो आम्ही फोटो काढून झाल्याझाल्या कोशिंबिरीत घातला होता. आता मी फोटोत मुद्दाम एक वाकडा टोमॅटो ठेवतो. तो अजून कोणी मागितलेला नाही.

आता त्या ३८ ग्रॅमकडे येतो.

पहाटे साडेपाचला आम्ही पालक कापला. ऊन चढायच्या आत कापायचा, कारण उन्हात तापलेलं पान कापल्यावरही बराच वेळ गरम राहतं आणि लवकर मान टाकतं. हौदात बुचकळून माती काढली, झटकला, रबर लावून जुडी बांधली आणि काट्यावर ठेवली. ५०० ग्रॅम बरोबर. एकेक काडी कमीजास्त करून मी २२ जुड्या अशा काटेकोर केल्या की बायको म्हणाली, "सोनं विकतोयस का?" साडेसातला क्रेट भरून गाडी निघाली. शेवटची जुडी एका ताईंच्या दारात पोचली तेव्हा दुपारचा एक वाजला होता.

एक वीसला पहिला फोटो आला. स्वयंपाकघरातला छोटा काटा, त्यावर माझा पालक, आकडा ४६२. खाली काही लिहिलेलं नाही. मला वाटलं, कौतुकाने पाठवला असेल, म्हणून मी नमस्काराचं चित्र पाठवलं.

दुसरा फोटो: ४६१. खाली मजकूर, 'रबर काढून.'

तिसऱ्या फोटोत एक वाटी होती, तिच्या तळाला चिमूटभर काळं काहीतरी. 'माती. ३ ग्रॅम.' चौथ्या फोटोत पांढऱ्या बशीच्या मधोमध एक हिरवी अळी, वाढदिवसाला बोलावल्यासारखी बसलेली. 'हिचं वजन काट्यावर येत नाही. तुम्ही धरलं होतं का?'

मी फोन लावला. लिहून भांडण्याची मला सवय नाही.

"ताई, मी स्वतः मोजून ५०० भरली होती."

"भाऊ, मी खोटं बोलत नाहीये. आमचे हे आयुष्यभर प्रयोगशाळेत होते, काटा त्यांचा आहे."

मागून एक शांत पुरुषी आवाज आला, "त्यांना सांग, काटा कालच तपासलाय." काटा कोण तपासतं हो घरी?

मी समजावायला गेलो. म्हटलं, "ताई, पालकात दहातले नऊ भाग पाणीच असतं. पानाच्या अंगावर बारीक छिद्रं असतात, त्यातून ते उडत राहतं. शेतात असताना मूळ खालून पाणी पुरवतं, कापल्यावर पुरवठा बंद होतो, पण उडणं चालूच राहतं. एका अर्थी पालक अजून श्वास घेतोय असं समजा."

"म्हणजे मी त्याच्या श्वासाचे पैसे द्यायचे?"

"तसं नाही…"

"आणि कधीपर्यंत घेणार? मी आता फोडणी करतेय."

मागचा आवाज पुन्हा आला. "त्यांना विचार, वजन ओल्याचं केलं की कोरड्याचं?"

यावर मी गप्प झालो. ताईंना वाटलं फोन कटला, त्या चार वेळा हॅलो म्हणाल्या. मी "रेंज नाही" म्हणालो आणि ठेवला. रेंज पूर्ण होती.

रागाचं एक कारण सांगतो, त्याशिवाय तुम्हाला माझी कीव येणार नाही. घाऊक बाजारात माझ्या मालाला दरवेळी 'घट' धरतात. शंभर किलो नेला की दोन-तीन किलो आधीच वजा, कारण माल सुकणार. कोणी काट्याचा फोटो दाखवत नाही, कोणी बशीत अळी ठेवत नाही, आणि मीही इतकी वर्षं एकदाही विचारलं नाही की ती घट नेमकी किती झाली. तिथे दोन किलो मुकाट्याने सोडणारा मी, इथे ३८ ग्रॅमसाठी एका बाईंवर दिवसभर धुसफुसत होतो. हे बायकोने लक्षात आणून दिलं. तिला अशा गोष्टी लक्षात आणून द्यायला आवडतात.

तरी तो 'ओल्याचं की कोरड्याचं' डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी पहाटे मी दोन जुड्यांचा पालक कापला, कालच्यासारखाच धुतला, झटकला आणि लगेच मोजला. दोन्ही ५००. मग रबर न लावता सावलीत सुती कापडावर पसरला, एकदोनदा हलवला. चाळीस मिनिटांनी मोजला तर दोन्ही ४७८ च्या आसपास. पाल्याला काही झालं नव्हतं, तो टवटवीतच होता. गेलं होतं ते वरचं पाणी. दर जुडीमागे २२ ग्रॅम हौदाचं पाणी मी पालकाच्या भावाने विकलं होतं, तेही काड्या मोजून, प्रामाणिकपणे. मापात पाप म्हणतात ते दुकानदार करतो अशी माझी आजवर समजूत होती.

पुढचा भाग पालकाचा स्वतःचा. एक जुडी कालसारखी उघड्या क्रेटमध्ये वाऱ्याला ठेवली, दुसरीवर ओलं गोणपाट टाकलं, पालकाला न टेकेल असं. एक वाजता उघडी जुडी ४६३ भरली आणि कडेची पानं लुळी पडली होती. गोणपाटाखालची ४७४, आणि हातात धरल्यावर देठ कडक. म्हणजे ताईंच्या ३८ पैकी २२ माझ्या घाईने खाल्ले आणि बाकीचे क्रेटवरच्या वाऱ्याने. मागच्या आवाजाने घरात बसून जे ओळखलं ते मला वाफ्यात उभं राहून कळलं नव्हतं. हे मला अजूनही लागतं.

तेवढ्यात मला एक हुशारी सुचली. पाणी उडतं ना, मग ओला पालक घट्ट बंद पिशवीतच भरू. एक जुडी तशी भरून ठेवली. वजनाला संध्याकाळपर्यंत धक्का लागला नाही. सकाळी पिशवी उघडली तेव्हा मधली पानं काळपट आणि बुळबुळीत झाली होती, वास वेगळाच. वजन मात्र पूर्ण. ती बायकोने न बोलता खताच्या खड्ड्यात टाकली. न बोलणं हे तिचं सर्वात मोठं भाषण असतं.

आता पद्धत अशी आहे. पालक धुतला की आधी कापडावर निथळतो, मग जुडी बांधतो, आणि ५०० च्या जागी कोरडा ५२० मोजतो. वाटेत पंधरा ग्रॅमच्या आसपास गेले तरी दारात पाचशेच्या खाली येत नाही. फॉर्मवर '५०० ग्रॅम'च्या आधी पुतण्याला 'किमान' हा शब्द घालायला लावला. जास्तीचे वीस वीस ग्रॅम २२ जुड्यांवर मिळून जवळजवळ एक जुडी होते, तिचा हिशेब दर ठरवतानाच केला. बायकोने दर चौथ्यांदा लिहिला. पिशव्यांना भोकं पाडली, क्रेटवर ओलं गोणपाट टाकलं. आणि ज्याची वाट लांब त्याचा पालक शेवटी कापायचा, हे मला कोणीही सांगितलेलं नसताना सुचलं, ते मुद्दाम नोंदवतो.

अळीचं काही करता आलेलं नाही. ती यायची तेव्हा येते.

ताईंना मी ३८ ग्रॅमचे पैसे परत पाठवले आणि लिहिलं, 'तुमच्या ह्यांचं बरोबर होतं, वजन ओल्याचं केलं होतं.' उत्तर आलं नाही. तारे तीनचे तीनच राहिले. पण पुढच्या फॉर्मवर, बरोबर नऊ वाजून एका मिनिटाने, पहिली ऑर्डर त्यांचीच पडली. दोन जुड्या. मी बायकोला फोन दाखवला, आईला दाखवला, पुतण्याला दाखवला. तो म्हणाला, "काका, स्क्रीनला हात लावू नका, रद्द होईल."

त्या दोन जुड्या मी स्वतः बांधल्या. अळी बघायला पान न् पान उलटं केलं. काटा सपाट फरशीवर ठेवला. काल दुपारी एक वीसला फोटो आला आणि माझ्या पोटात गोळा आला. पहिली जुडी ५०४. दुसरी ५०७. खाली लिहिलं होतं, 'हे म्हणतात, एकूण ११ ग्रॅम जास्त आलेत. पैसे पाठवायचे का?'

मी अजून उत्तर दिलेलं नाही. बायको म्हणते, दोन तारे माग.