दर पंधरा मिनिटांनी ग्लासभर पाणी? अंगठीकडे बघा

"सकाळी उपाशीपोटीच धावा, चरबी दुप्पट जळते. तहान लागायची वाट बघू नका, दर १५ मिनिटांनी ग्लासभर पाणी प्याच. आणि संपल्यावर ३० मिनिटांत प्रोटीन शेक घेतला नाही, तर सगळी मेहनत वाया!" (सोसायटीच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड)

आधी चरबीचं बघू. रिकाम्या पोटी धावताना शरीर चरबी थोडी जास्त वापरतं, हे खरं. पण मग उरलेल्या दिवसात ते तितकीच कमी वापरतं, आणि वजनाचा हिशेब शेवटी दिवसभराच्या खाण्यावरच ठरतो. पाच-सहा किलोमीटर किंवा जिममधला पाऊण तास नुसत्या चहावर निभतो. रविवारी शिवाजी पार्कहून नरिमन पॉइंट गाठून परत, म्हणजे पंचवीसेक किलोमीटर, हे प्रकरण वेगळं. यकृतातला साखरेचा साठा रात्रभर मेंदू वापरत असतो, त्यामुळे पहाटे तो बराच उतरलेला असतो. स्नायूंतला साठा मात्र शाबूत असतो, म्हणून पहिला तास काहीच जाणवत नाही. परतीला पेडर रोडचा चढ आला की डोकं हलकं होतं, उगाच चिडचिड होते, पाय उचलत नाहीत.

त्यासाठी पहाटे साडेचारला कांदेपोहे करत बसायला नको. निघायच्या पाऊण तास आधी दोन वेलची केळी आणि जॅम लावलेले दोन ब्रेड पुरतात. वाटेत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्यायची: दोन-तीन वेलची केळी खा किंवा साखरेचं लिंबूपाणी प्या. आदल्या रात्री वरणभात उत्तम. उसळ नको, नाहीतर हाजी अलीपाशी पोहोचल्यावर समुद्राऐवजी शौचालय शोधाल.

पाण्याचं वाक्य मात्र नुसतं चुकीचं नाही, धोक्याचं आहे. ग्लास पाव लिटरचा धरला तर तासाला लिटर झालं. आमच्या गटातल्या दोघांनी ऑक्टोबरच्या उकाड्यात एकाच मार्गावर धावण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन केलं. पहिला ७०.४ किलोचा ६९ झाला आणि वाटेत ६०० मिली प्यायला होता. म्हणजे अडीच तासांत दोन लिटर घाम गेला, तासाला ८०० मिली. वजन दोन टक्के उतरलं, आणि तेवढ्याने काही बिघडत नाही. दुसरी सावकाश धावणारी, तिला सव्वातीन तास लागले. तिने फॉरवर्डप्रमाणे सव्वातीन लिटर पाणी संपवलं. ५८ किलोची होती, परत आली तेव्हा ५८.७! बोटातली अंगठी निघेना, घड्याळाच्या पट्ट्याचा वळ उठलेला, पोटात डचमळतंय, डोकं ठणकतंय. आणि आम्ही शहाणे तिच्या हातात आणखी एक बाटली देत होतो.

तासन्‌तास धावताना शरीर पाणी धरून ठेवणारं संप्रेरक सोडतं, त्यामुळे जास्तीचं पाणी लघवीवाटे लवकर बाहेर पडत नाही. रक्त पातळ होतं, त्यातलं सोडियम लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली घसरतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांमध्ये हे सापडलं, आणि त्याचा सगळ्यात मोठा संबंध धावताना वाढलेल्या वजनाशी होता. स्पोर्ट्स ड्रिंक घेतलं म्हणून सुटका नाही, कारण त्यातलं मीठ रक्तापेक्षा खूपच कमी असतं.

तेव्हा तहान लागेल तसं प्या. मुंबईच्या दमटपणात घाम वाळत नाही, नुसता ठिबकतो, त्यामुळे तहान भरपूर लागतेच. दोन-तीन रविवार वजन करून बघितलं की आपला आकडा कळतो. वजन वाढलं असेल तर पाणी थांबवा, लघवी होईपर्यंत. कुणी असंबद्ध बोलायला लागलं, उलट्या थांबेनात किंवा झटके आले, तर पाणी न पाजता थेट हॉस्पिटल.

शेकची घाई कशाला? स्नायू व्यायामानंतर पुढे कितीतरी तास प्रथिनं घ्यायला तयार असतात. दिवसभरात एकूण किती मिळाली, ते महत्त्वाचं. आंघोळ उरकून तासा-दीड तासाने तीन अंडी, पाव आणि कपभर दूध घेतलं तर चोवीस-पंचवीस ग्रॅम प्रथिनं होतात, कर्बोदकंही मिळतात. घाई त्यालाच, ज्याला त्याच दिवशी संध्याकाळी पुन्हा दमवणारा व्यायाम करायचाय.

राहिलं नारळपाणी, जे धावून आल्यावर आम्ही सगळेच पितो. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम जेमतेम. काळ्या टोपीवर पांढरी नक्षी उमटते ती मिठाची. म्हणून मी शहाळ्यासोबत खारे शेंगदाणे घेते.