खातेदाराच्या मृत्यूपश्चात, पण हसतमुखाने

‘व्हॉइस छानच आहे, पण टोन जरा कॉर्पोरेट वाटतोय. थोडा फ्रेंडली, गप्पा मारल्यासारखा करून द्याल का? स्क्रिप्ट तीच आहे, त्यामुळे फार वेळ लागणार नाही.’ पुढे एक हसरा पिवळा चेहरा.

हा निरोप मला एका बँकेच्या जाहिरात-एजन्सीतल्या मुलीने रात्री साडेअकराला पाठवला. त्या चेहऱ्याचा मला अजून राग आहे. ‘स्क्रिप्ट तीच’ या दोन शब्दांचा तर त्याहून जास्त. आम्हा जाहिरातींना आवाज देणाऱ्यांच्या धंद्यात रिवाज असा की चूक आवाजाची असेल तर रीटेक फुकट, आणि मजकूर बदलला तर त्याचे वेगळे पैसे. म्हणजे ‘स्क्रिप्ट तीच’ याचा अर्थ, ताई, फुकट या.

फिल्म होती दीड मिनिटाची, बँक खात्याच्या नॉमिनेशनवर. १ नोव्हेंबर २०२५पासून बँकेतल्या ठेवींना एकाऐवजी चार नॉमिनी लावता येतात, हे लोकांना सांगायचं होतं. आता ‘तीच’ असलेली ती स्क्रिप्ट बघा: ‘खातेदाराच्या मृत्यूपश्चात खात्यातील शिल्लक रकमेचे प्रदान सुलभरीत्या व्हावे, याकरिता खातेदारास कमाल चार व्यक्तींचे नामनिर्देशन करण्याची सुविधा उपलब्ध करून देण्यात आली आहे.’

हे फ्रेंडली करायचं होतं. मजकुराला हात न लावता.

अंधेरीच्या एका गल्लीतल्या स्टुडिओत पोचले, तर तिथे एसी बंद. रेकॉर्डिंग चालू असताना तो बंदच ठेवतात, नाहीतर त्याची घरघर माइकमध्ये येते. पण इथे तो मुळातच बिघडला होता आणि दुरुस्तीवाला येऊन बसला होता. त्याला ठोकाठोक करायची होती, आम्हाला शांतता हवी होती. म्हणून रेकॉर्डिस्टने त्याला काचेच्या पलीकडे, कंट्रोल रूममध्ये एका स्टुलावर बसवलं. पायाशी पिशवी, मांडीवर पाना. शेजारच्या सोफ्यावर एजन्सीची मुलगी आणि बँकेचे एक साहेब. सगळे घामाघूम, आणि सगळ्यांना माझ्याकडून मैत्री हवी होती.

पहिला उपाय नेहमीचा: हसत वाचा. यात थोतांड काही नाही. हसताना ओठ ताणले जातात, तोंडातली पोकळी बदलते, आवाज उजळतो आणि ते हसू नुसत्या कानांनाही कळतं. साबणाच्या जाहिरातीत याचा फार उपयोग होतो. मी गाल ताणले आणि म्हटलं, ‘खातेदाराच्या मृत्यूपश्चात...’

कंट्रोल रूममधून आमच्या हेडफोनवर बोलायचं ते टॉकबॅकचं बटण दाबलेलं राहिलं असावं, कारण कानात एसीवाल्याचा आवाज आला, “माणूस मेलाय ना? मग बाई खूश का?”

दुसरा उपाय माइकच्या जवळ जाण्याचा. एरवी मी वीतभर लांब असते. आता चार बोटांवर आले. या माइकचा गुण असा की तोंड जितकं जवळ न्याल तितका खर्ज फुगतो, आणि कुणी कानाशी बोलल्यासारखं वाटतं. पण कानाशी येऊन कुणी ‘शिल्लक रकमेचे प्रदान’ म्हणालं, तर आपण आधी पाकीट चाचपतो. शिवाय ‘प’ आणि ‘प्र’ला तोंडातून फुटणारी हवा थेट माइकवर आदळायला लागली. साहेब म्हणाले, “जरा भीती वाटतेय.” मलाही वाटत होती.

मग रेकॉर्डिस्टने ठेवणीतली युक्ती काढली. वाक्याच्या आधी मनाचंच काहीतरी बोलायचं, ‘अहो, ऐका ना’ किंवा ‘खरं सांगू का’, आणि त्याच सुरात पुढच्या वाक्यात शिरायचं. नंतर तो तुकडा कापून टाकतात, पण सुरुवातीचा मोकळेपणा मागे उरतो. चांगली युक्ती आहे, मी नेहमी वापरते. ‘अहो, ऐका ना, खातेदाराच्या...’ इथपर्यंत मी शेजारीण होते. ‘प्रदान’पाशी पोचेपर्यंत मंत्रालय. कारण ऐकणाऱ्याला त्या वाक्यात शेवटच्या ‘आहे’पर्यंत हातात धरायला काहीच मिळत नाही. कोण करतंय, कुणासाठी करतंय, पत्ता नाही. सुविधा आपोआप उपलब्ध झाली, पावसासारखी. सगळेच शब्द इतके जड की बोलणारा घाबरून प्रत्येकावर सारखाच जोर देतो, आणि सारखा जोर आला की ते वाचन झालं. बोलताना आपण वाक्यात एखाद्याच शब्दावर रेलतो. ऐकणाऱ्याला जे ठाऊक नाही, नेमकं त्यावर.

हे मी साहेबांना समजावत होते. (हेच साहेब मघाशी टपरीवर चहा घेताना म्हणाले होते, “आमच्या आजोबांच्या एफडीसाठी सहा महिने चपला झिजवल्या हो.” असं बोलणारा माणूस खुर्चीत बसला की ‘प्रदान’ कसं लिहितो, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.) एजन्सीच्या मुलीने एव्हाना तिची कल्पना मांडली होती: “सुरुवातीला नुसतं ‘हाय फ्रेंड्स’ घालूया का?” हाय फ्रेंड्स, खातेदाराच्या मृत्यूपश्चात. मी पाणी प्यायला बाहेर आले.

तेवढ्यात एसीवाल्याने विचारलं, “मॅडम, ते चार माणसं कशाला? खांद्याला?”

सोफ्यावर सन्नाटा. त्याच्या चेहऱ्यावर विनोद नव्हता, शंका होती. इतके टेक ऐकून माणसाला मेलेला खातेदार आणि चार व्यक्ती एवढंच पोचलं होतं, आणि त्यावरून त्याने काढलेला अर्थ बिनतोड होता.

मी म्हटलं, “अहो नाही. समजा, उद्या तुम्हाला काही झालं...”

“मला कशाला? यांना होऊ द्या की.” त्याने पान्याने साहेबांकडे बोट केलं.

“मला नको,” साहेब घाईने म्हणाले. “तत्त्वतः ‘खातेदार’ आहे तेच ठीक.”

इथे मला साहेबांची दया आली. गप्पांच्या सुराचा पहिला नियम म्हणजे समोरच्याला ‘तुम्ही’ म्हणा. पण मरणाच्या गोष्टीत ‘तुम्ही’ व्हायला कुणी तयार नसतं. म्हणून तर तो बिचारा ‘खातेदार’ जन्माला येतो, सगळ्यांच्या वतीने मरायला.

“तुमच्या माघारी,” मी म्हटलं, “तुमच्या खात्यातले पैसे काढायला घरच्यांना बँकेत खेटे घालायला लागू नयेत, म्हणून आधीच नाव देऊन ठेवायचं. पूर्वी एकच देता यायचं, आता चार देता येतात. कुणाला किती टक्के, तेही लिहायचं. बेरीज मात्र शंभर झाली पाहिजे.”

“हां, मग असं सांगा ना! म्हणजे बायको पन्नास, आई पन्नास.”

“किंवा टक्के न लिहिता क्रमही लावता येतो. पहिलं माणूस नसेल तर दुसरं. लॉकरला मात्र क्रमच, टक्के नाहीत.”

“लॉकर कुठंय आपल्याकडे,” तो म्हणाला आणि तो विषय त्याच्यापुरता मिटला.

रेकॉर्डिस्ट हुशार. त्याने एसीवाल्याला उचलून बूथमध्ये, माइकच्या पलीकडे माझ्यासमोर बसवलं. म्हणाला, “ताई, कागद खाली ठेवा. यांना सांगा.” आणि साहेबांनी ‘एक ऑप्शन म्हणून’ मजकूर मोकळा करायला परवानगी दिली. ज्या क्षणी दिली, त्या क्षणी स्क्रिप्ट ‘तीच’ राहिली नव्हती, हे वाचकांनी कृपया लक्षात ठेवावं.

मी सांगायला लागले आणि जोर आपोआप जागेवर पडू लागला, कारण समोरच्या कपाळावरची आठी कुठे पडते ते दिसत होतं. अडचण एकच. हा श्रोता श्रोता म्हणून जातिवंत होता. ‘पूर्वी एकच देता यायचं’ म्हटलं की तो म्हणे “हं.” ‘आता चार’ म्हटलं की “अच्छा!” उत्तम टेक, आणि मध्ये खणखणीत अच्छा. गप्प बसा म्हटलं तर मान हलवायचा, आणि खिशातल्या किल्ल्या वाजायच्या. किल्ल्या काढून घेतल्या. मग ‘बेरीज शंभर’ला त्याने मनातल्या मनात हिशेब सुरू केला आणि ओठ पुटपुटायला लागले, तेही माइकने टिपलं.

एके ठिकाणी मात्र साहेबांनी थांबवलं आणि त्यांचं म्हणणं खरं होतं. मी म्हटलं होतं, “पैसे त्यांचे होतात.” तसे ते होत नाहीत. बँक पैसे नॉमिनीच्या हाती देते आणि स्वतः मोकळी होते. ते पैसे कायद्याने वारसांचे, नॉमिनी नुसता सांभाळणारा. मैत्रीच्या भरात इथे एक शब्द घसरला तर घरात कोर्टकचेरी. म्हणून वाक्य झालं: “बँक पैसे या व्यक्तीच्या हाती देते. ते वारसांपर्यंत पोचवायची जबाबदारी तिची.”

“म्हणजे मेव्हण्याचं नाव टाकलं तर पैसे मेव्हण्याचे नाहीत?” एसीवाला.

“नाहीत.”

“मग आमच्यात एवढी मारामारी कशावरून झाली?”

त्या टेकचं पुढे काय झालं ते विचारू नका. सगळं रेकॉर्डिंग थांबवून आम्ही त्या मारामारीची साद्यंत हकिकत ऐकली. मेव्हण्याने आजवर बाइकसुद्धा परत दिलेली नाही.

काम झालं, आणि खरंच छान झालं. पण ॲनिमेशन आधीच पक्कं झालं होतं, दीड मिनिटाचं. माणसासारखं बोलायला ‘बरं का’ लागतं, ‘समजा’ लागतं, मध्ये श्वास लागतो. माझं बोलणं अकरा सेकंद लांबलं. चित्र बदलायला पैसे नव्हते, म्हणून एडिटरने माझे श्वास कापले आणि उरलेलं मशीनवर दाबून बसवलं. आता त्या फिल्ममध्ये मी मरणाबद्दल आपुलकीने बोलते, पण विरार फास्ट सुटत असल्यासारखी.

वर आठवड्याने लीगलचा निरोप आला की ‘माघारी’ संदिग्ध आहे, माणूस गावाला गेला तरी माघारीच. ‘मृत्यूपश्चात’ परत घाला. तेवढं एक वाक्य वेगळ्या दिवशी, सर्दीत, चालू झालेला एसी बंद करून घेतलं. समोर कुणी नव्हतं. नीट ऐकलंत तर जोड कळतो: बाई मजेत बोलतेय, मध्येच एक वाक्य ताठ बसून वाचते, आणि पुन्हा मजेत. साहेबांना ते ‘बॅलन्स्ड’ वाटलं.

नव्या मजकुराचं आणि त्या जादा फेरीचं बिल मी पाठवलं. महिनाभर काहीच नाही, म्हणून एजन्सीच्या अकाउंट्समध्ये फोन केला. पलीकडचे गृहस्थ इतके मोकळेपणाने बोलले, की काय सांगू. “अहो ताई, तुमचंच तर काम आहे हे! समजा ना, अप्रूव्हल आलं, की दुसऱ्या दिवशी पैसे खात्यात. पण स्क्रिप्ट तीच होती असं इथे लिहिलंय, बरं का. बघूया आपण, दहा तारखेनंतर. हं?”

एकही जड शब्द नाही. मध्ये श्वास. आणि त्या ‘हं’वर नेमका हवा तेवढाच जोर.