हरवलेल्या बॅगेची तक्रार: चार वाक्यं, तारखा आणि रक्कम

विमानात बॅग हरवली की आपल्याकडची माणसं एअरलाइनला दोन-दोन पानांची पत्रं लिहितात. पत्रात सगळं असतं: काउंटरवरची बाई कशी बोलली, फोनवर किती वेळ संगीत ऐकवलं, सुनेच्या डोहाळजेवणाला नेसायची पैठणी कशी बॅगेतच राहिली. नसते ती फक्त मागितलेली रक्कम. शेवटी ‘योग्य ती भरपाई द्यावी ही विनंती’ असं येतं आणि तिथेच पत्र हातातून जातं. ‘योग्य ती’ म्हणजे किती, हे ठरवायचा अधिकार आपण समोरच्याला देऊन टाकतो. मग पुढच्या प्रवासात वापरायचं एखादं व्हाउचर पाठवून ते फाइल बंद करतात.

माझं ठाम मत आहे की हे पत्र चार वाक्यांचं असावं. दावे तपासणाऱ्या माणसाला पाच गोष्टी हव्या असतात: प्रवासी कोण, बॅग कोणती, कुठल्या तारखेला आली नाही, कायद्याने ती हरवलेली धरता येते का आणि किती रुपये मागितले आहेत. या पाच गोष्टी दोन पानांत विखुरल्या की तो ‘कृपया माहिती पाठवा’ असं उलट लिहितो आणि आपले तीन आठवडे जातात.

एक नमुन्याचं उदाहरण घेऊ. नाशिकच्या एक बाई मुलाकडे लंडनला निघाल्या. मुंबईहून विमान, मध्ये एके ठिकाणी दुसऱ्या एअरलाइनच्या विमानात बदल, परतीचं तिकीट काढलेलं. ३ मार्च २०२५ ला त्या हीथ्रोला उतरल्या आणि बॅग आली नाही. त्यांच्या मूळ पत्रातलं एक वाक्य असं समजा: ‘मी ६८ वर्षांची ज्येष्ठ नागरिक असून एवढ्या थंडीत मला अंगावरच्या कपड्यांनिशी तीन दिवस काढावे लागले, याबद्दल आपल्या कंपनीला काहीच वाटत नाही का?’ यातलं दुःख शंभर टक्के खरं आहे. पण यात एकही तारीख नाही, एकही आकडा नाही. या वाक्याचा दाव्याला उपयोगी पडणारा भाग एवढाच: ‘३ ते ९ मार्चदरम्यान गरजेचे कपडे घेतले, १५६ पौंड, बिलं सोबत.’ मनस्ताप टाकून द्यायचा नाही, तो वेगळ्या कागदावर तारीखवार लिहून ठेवायचा. प्रकरण पुढे ग्राहक आयोगात गेलं तर तिथे मानसिक त्रासाची भरपाई मागता येते. एअरलाइनच्या दाव्याच्या टेबलावर त्याला रकाना नसतो.

आता २१ दिवसांचं गणित. आंतरराष्ट्रीय प्रवासाला मॉन्ट्रियल करार १९९९ लागू होतो. भारतात तो २००९ पासून लागू आहे, ब्रिटनही त्यात आहे. कलम १७(३) सांगतं की बॅग ज्या दिवशी यायला हवी होती त्यानंतर २१ दिवस उलटूनही आली नाही, किंवा कंपनीने त्याआधीच हरवल्याचं मान्य केलं, तर प्रवासी थेट भरपाई मागू शकतो. इथे ती तारीख २४ मार्च. तोपर्यंत बॅग कागदोपत्री ‘उशिरा येणारी’ असते, त्यानंतर ती ‘हरवलेली’. हा बदल एअरलाइन आपणहून करत नाही. वेबसाइटच्या फॉर्ममध्ये तुम्ही पहिल्या दिवशी ‘उशीर’ निवडलेलं असतं आणि ‘शोध चालू आहे’ अशी उत्तरं महिनोन् महिने येत राहतात. म्हणून पत्रात ‘२४ मार्चला २१ दिवस पूर्ण झाले’ हे लिहायलाच हवं. संपूर्ण पत्रात सगळ्यात जास्त काम हे वाक्य करतं.

त्याआधीची एक पायरी मात्र चुकवू नका. विमानतळ सोडण्यापूर्वी बॅगेज काउंटरवर पीआयआर, म्हणजे बॅग न मिळाल्याची नोंद, करून घ्यायची. तिचा क्रमांक दहा अक्षरांचा असतो: पहिली तीन अक्षरं विमानतळाची, पुढची दोन एअरलाइनची, मग पाच आकडे. पण पीआयआर म्हणजे दावा नव्हे. काउंटरवरची ती फक्त शोधासाठीची नोंद असते. त्यामुळे त्याच आठवड्यात एक छोटा ईमेल पाठवून ठेवा, की बॅग मिळालेली नाही आणि गरजेच्या वस्तूंचा खर्च मागणार आहोत. बॅग उशिरा मिळाली तर ती हातात आल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार लागते, मोडलेली मिळाली तर ७ दिवसांत. या मुदती उलटल्या की दावा जवळजवळ संपतो.

बाईंचं चार वाक्यांचं पत्र, २६ मार्चला पाठवलेलं:

विषय: LHRXX12345, हरवलेल्या बॅगेची भरपाई ₹१,०१,७७२

‘मी मुंबईहून निघून ३ मार्च २०२५ रोजी आपल्या XX123 या विमानाने लंडन हीथ्रोला पोहोचले (पीएनआर ABC123), पण टॅग क्रमांक 0XXX123456 ची माझी बॅग आली नाही आणि त्याच दिवशी मी विमानतळावर LHRXX12345 ही नोंद केली. २४ मार्च २०२५ रोजी २१ दिवस पूर्ण होऊनही बॅग मिळालेली नाही, म्हणून मॉन्ट्रियल करार १९९९ च्या कलम १७(३) नुसार ती हरवलेली धरून मी भरपाई मागत आहे. बॅग व तिच्यातील वस्तूंचे ₹८४,३०० आणि ३ ते ९ मार्चदरम्यान घ्याव्या लागलेल्या गरजेच्या वस्तूंचे १५६ पौंड, म्हणजे ₹१७,४७२, अशी माझी एकूण मागणी ₹१,०१,७७२ असून यादी व बिले जोडली आहेत. ही रक्कम २५ एप्रिल २०२५ पर्यंत सोबतच्या बँक खात्यात जमा करावी, अन्यथा मी ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.’

एअरलाइनला हेच इंग्रजीत जाईल, क्रम तोच ठेवा. XX च्या जागी एअरलाइनची दोन अक्षरं येतात. टॅग क्रमांक बोर्डिंग पासला चिकटवलेल्या छोट्या स्टिकरवर असतो, तो दहा आकड्यांचा असतो. स्टिकर घरी येईपर्यंत सांभाळायचं आणि उतरल्या उतरल्या त्याचा फोटो काढायचा. पत्र कुणाला, हाही प्रश्न पडतो, कारण इथे दोन एअरलाइन आहेत. कराराप्रमाणे पहिल्या कंपनीकडे, शेवटच्या कंपनीकडे किंवा जिच्या ताब्यात असताना बॅग गेली तिच्याकडे मागता येतं. व्यवहारात शेवटच्या कंपनीला लिहायचं, कारण पीआयआर तिच्याकडेच नोंदलेला असतो. पहिलीला प्रत पाठवली की ‘आमच्याकडे नाही, त्यांच्याकडे विचारा’ हा खेळ बराच कमी होतो.

तिसऱ्या वाक्यातली रक्कम उभी राहते ती सोबतच्या यादीवर. यादीत चार रकाने पुरेत: वस्तू, घेतल्याचं वर्ष, तेव्हाची किंमत, आता मागितलेली रक्कम. बाईंच्या यादीत सूटकेस ८,२००, साड्या व कपडे ६१,५००, बूट व स्वेटर ९,६०० आणि भेटवस्तू व खाऊ ५,०००. बेरीज ८४,३००. पाच वर्षं वापरलेल्या साडीची नवी किंमत लावू नका. एका ओळीवर फुगवटा दिसला की तपासणारा सगळ्या ओळी कापतो. बिल नसेल तर कार्डाच्या स्टेटमेंटमधली ओळ किंवा ती साडी नेसलेला लग्नातला फोटो चालवून पाहा, कोरी ओळ ठेवण्यापेक्षा ते बरं.

सगळ्यात जास्त दावे अडकतात ते दुहेरी मागणीत. लंडनला बाईंनी ७२ पौंडांचा कोट, ४६ पौंडांचे थर्मल व आतले कपडे आणि ३८ पौंडांचं साबण, ब्रश, नाइटगाउन असं सामान घेतलं, मिळून १५६. पौंडाचा दर ११२ धरला तर १७,४७२ रुपये होतात. बॅगेत जुना कोट होता, पण तो त्यांनी वरच्या यादीत धरला नाही, कारण त्याच्या बदल्यात घेतलेल्या नव्या कोटाचे पैसे त्या मागतच आहेत. दोन्ही धरले असते तर कंपनीने तेवढंच बोट ठेवून सगळा दावा परत पाठवला असता. दागिने आणि रोकड यादीत टाकाल, तर ‘या वस्तू चेक-इन बॅगेत ठेवू नयेत’ ही आपली अट एअरलाइन दाखवते. सोनं हातातल्या पर्समध्येच न्यायचं.

मागणी कमाल मर्यादेच्या आत आहे ना, हेही पाहायचं. २८ डिसेंबर २०२४ पासून ही मर्यादा प्रति प्रवासी १,५१९ एसडीआर आहे, त्याआधी १,२८८ होती. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक, त्याचा भाव नाणेनिधीच्या साइटवर रोज मिळतो. १,५१९ म्हणजे रुपयांत दीड लाखाच्या वर. हे कमाल आहे, हमखास मिळणारी रक्कम नव्हे, नुकसान दाखवावंच लागतं. काही कंपन्या अजूनही ‘इतक्या किलोला इतके’ असं उत्तर देतात. किलोचा हिशोब जुन्या वॉर्सा कराराचा आहे, मॉन्ट्रियलमध्ये वजनाचा संबंध नाही. देशांतर्गत विमानाला मात्र हे आकडे लावू नका, तिथे भारतातली मर्यादा प्रति प्रवासी २०,००० रुपये आहे.

नवरा-बायकोंनी आणखी एक लक्षात ठेवावं. आपल्याकडे बाबांच्या टॅगच्या बॅगेत आईच्या साड्या असतातच. मर्यादा बॅगेमागे नसून माणसामागे आहे, आणि दुसऱ्याच्या नावाच्या बॅगेतल्या स्वतःच्या वस्तूंसाठी सोबतचा प्रवासीही मागणी करू शकतो, असं युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटलं आहे. तेव्हा मोठं नुकसान असेल तर दोघांची दोन पत्रं, दोन याद्या करा.

उत्तरात अर्धी रक्कम आणि सोबत ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेला कागद आला, तर सही करण्याआधी थांबा. त्यावर सही केली की उरलेलं मागणं फार अवघड होतं. एकच ओळ उलट पाठवा: कोणत्या वस्तूचे किती आणि का कापले, ते लेखी कळवा. २५ एप्रिल उलटूनही काही आलं नाही, तर कंपनीचा नोडल अधिकारी, एअरसेवा पोर्टल, मग ग्राहक आयोग. प्रत्येक ठिकाणी तीच चार वाक्यं जोडायची, फक्त मागचं पत्र कधी पाठवलं ती तारीख त्यात घालायची. आणि कॅलेंडरवर ३ मार्च २०२७ ला खूण करून ठेवा. करारातली दावा लावायची मुदत दोन वर्षांची आहे, आणि तुमचा पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती पुढे सरकेल या भरवशावर राहू नका.