बेरीज जुळलेलं बिलही चुकीचं असू शकतं

*“सर, बिल स्कॅन करून नोंद केली की करपात्र रक्कम अधिक सीजीएसटी, एसजीएसटी बरोबर एकूण, हे सॉफ्टवेअर तपासतंच. जुळलं की बिल बरोबर. तरी पुन्हा डोळ्यांनी बघा म्हणता, मग स्कॅन कशाला करायचं? हाताने टाकलेलं काय वाईट?”*

महिन्याला तीस-चाळीस बिलं असतील तर हातानेच टाका, माझीही ना नाही. पण बेरजेवर तुम्ही टाकलेला भरवसा मला धोक्याचा वाटतो, कारण त्यात मी स्वतः फसलो आहे.

बेरीज फक्त आकड्यांची चूक पकडते. १८,६०० चे १३,६०० वाचले गेले तर एकूण २१,९४८ शी जुळत नाही आणि लगेच कळतं. बिल नंबराला मात्र असा आधार नसतो. जीएसटी नंबराचं शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून काढलेलं असतं, त्यामुळे तिथे एखादं अक्षर चुकलं तर ताडून बघता येतं. बिल नंबर प्रत्येक व्यापारी आपल्या पद्धतीने देतो.

मी एका हार्डवेअर दुकानाचे हिशोब बघतो. रंगाच्या एका बिलाच्या दोन प्रती फायलीत होत्या, एक आपली आणि एक ट्रान्सपोर्टची. दोन्ही स्कॅन झाल्या. पहिलीवर SB/518 नीट वाचलं गेलं. दुसरी प्रत पुसट होती, तिथे 8 चा 3 झाला: SB/513. नंबर वेगळा, म्हणून दुबार नोंदीची सूचना आली नाही. दोन्हींची बेरीज चोख. खरेदी दुप्पट झाली, व्यापाऱ्याचं देणंही.

चौदा तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे पार्ट्यांनी पोर्टलवर चढवलेल्या बिलांची यादी, आलं, त्यात ५१३ नव्हतं. तिथेच थांबायला हवं होतं. आम्ही मात्र “पार्टीने अजून बिल चढवलं नसेल” असं धरून ते पुढच्या महिन्यावर ढकललं. क्रेडिट घेतलं नाही एवढंच नशीब. व्यापाऱ्याचा खातेउतारा आला तेव्हा आमच्याकडे देणं ४३,८९६ आणि त्यांच्याकडे २१,९४८.

तेव्हापासून मी बिल नंबर सोडून बाकीच्या गोष्टी जुळवतो. ए रकान्यात पार्टीचा जीएसटी नंबर, बीमध्ये बिल नंबर, सीमध्ये तारीख, डीमध्ये एकूण रक्कम असेल तर:

```
=COUNTIFS(A:A,A2,C:C,C2,D:D,D2)
```

उत्तर १ पेक्षा जास्त आलं की त्या ओळींची कागदं समोर घ्यायची. नोंद आपोआप पुसायची नाही, कारण एकाच दिवशी सारख्या रकमेची दोन खरी बिलंही येतात. तारीखच चुकीची वाचली गेली असेल तर हे सूत्र ती जोडी पकडणार नाही. म्हणून २बीमध्ये न सापडलेल्या बिलांसाठी तारखेची अट काढून तेच पुन्हा चालवतो.

म्हणजे मी सगळी बिलं डोळ्यांनी बघा म्हणत नाही. या दोन चाळण्यांत अडकलेली तेवढी बघा, आणि ती वीस तारखेच्या जीएसटीआर-३बी रिटर्नआधी बघा. “पार्टीने चढवलं नसेल” असं लिहिण्याआधी मूळ कागदावरचा नंबर एकदा वाचा.